सोड्याची गोटी आणि दाबाचे गणित

मे महिन्यातल्या दुपारी पंचवटीत रामकुंडाकडे उतरताना गोटी सोड्याची हातगाडी दिसली, तर बर्फातली बाटली आणि कडेला उन्हात ठेवलेली बाटली यांतला फरक एकदा मुद्दाम पाहावा. थंड बाटलीची गोटी आत ढकलली की फुसकन आवाज येतो, मानेपर्यंत फेस चढतो आणि सोडा जागेवर राहतो. उन्हातल्या बाटलीची गोटी अधिक जोर लावल्यावरच सरते आणि मग निम्मा फेस विक्रेत्याच्या हातावरून खाली जातो. दोन्ही बाटल्यांत भरताना वायू सारखाच घातलेला असतो.

याचे उत्तर इंग्लंडमधील मँचेस्टरच्या विल्यम हेन्री यांनी 1803 साली मांडलेल्या नियमात आहे. तापमान तेच ठेवले, तर पाण्यात विरघळणाऱ्या वायूचे प्रमाण पाण्यावरील त्याच वायूच्या दाबाच्या सम प्रमाणात असते. दाब दुप्पट केला की विरघळलेला वायूही दुप्पट होतो. सूत्रात लिहायचे तर C = k × P, जिथे C म्हणजे विरघळलेले प्रमाण, P म्हणजे दाब आणि k हा स्थिरांक. या स्थिरांकाचे नाव जरा फसवे आहे, कारण तो दाब बदलला तरी बदलत नसला, तरी तापमानाप्रमाणे चांगलाच बदलतो. कार्बन डायऑक्साइडसाठी 5 अंश सेल्सिअसला एका वातावरण दाबाखाली लिटरभर पाण्यात सुमारे 2.8 ग्रॅम वायू मावतो, तर 40 अंशांना जेमतेम 1 ग्रॅम.

आता लिटरभर सोड्यात 7 ग्रॅम वायू आहे असे धरू. हा वायू 5 अंशांना पाण्यात राहण्यासाठी 7 भागिले 2.8, म्हणजे अडीच वातावरण दाब लागतो. तीच बंद बाटली 40 अंशांपर्यंत तापली, तर तेवढाच वायू विरघळलेला ठेवायला 7 वातावरण दाब लागेल. प्रत्यक्षात थोडा वायू वरच्या मोकळ्या जागेत जात असल्याने दाब याहून किंचित कमी राहतो. काचेची गोटी मानेतल्या रबरी कड्याला आतून दाबून धरणारा हाच दाब असतो, म्हणून उन्हातली गोटी हटवणे जड जाते. येथे एक गैरसमज दूर करायला हवा: बंद बाटलीतला वायू उष्णतेने ‘निघून’ जात नाही, फक्त दाब वाढतो. बूच घट्ट असेल आणि बाटली पुन्हा गार करून तिला थोडा वेळ दिला, तर तो वायू पाण्यात परततो.

खरी हानी बाटली उघडल्यावर होते. आता बाहेरचा दाब एक वातावरण आहे आणि पाण्यात बुडबुडा तयार होऊन टिकायचा, तर त्याच्या आतला दाब निदान तेवढा हवा. त्यामुळे थंड सोड्यात लिटरमागे 2.8 ग्रॅम वायू उरेपर्यंतच बुडबुडे येऊ शकतात, तर 40 अंशांच्या सोड्यात ते 1 ग्रॅमपर्यंत चालू राहू शकतात. शिवाय तापलेल्या सोड्यातल्या वायूचा जोर सातपट, थंडातल्याचा अडीचपट. म्हणून गरम सोडा उघडताच उसळतो. पेल्यातल्या ओरखड्यात किंवा कापडाच्या धाग्यात अडकलेल्या हवेच्या कणाभोवती हे बुडबुडे सुरू होतात, त्यामुळे पुसलेल्या पेल्यात फेस अधिक दिसतो.

बुडबुडे थांबले तरी गळती संपत नाही. हेन्रीच्या नियमातला P हा हवेचा एकूण दाब नसून केवळ कार्बन डायऑक्साइडचा वाटा आहे, आणि हवेत हा वायू अवघा 0.04 टक्के आहे. म्हणजे उघडा सोडा फ्रिजमध्ये ठेवला तरी शेवटी त्यात लिटरमागे एक मिलिग्रॅमच्या आसपासच वायू उरेल. थंडीमुळे फक्त वेळ मिळतो. अर्ध्या उरलेल्या बाटलीत पंपाने हवा भरून काही साधत नाही, ते याच कारणाने: एकूण दाब वाढतो, पण कार्बन डायऑक्साइडचा वाटा जवळजवळ तसाच राहतो.

तापमान वाढल्यावर k कमी का होतो? कार्बन डायऑक्साइडचा रेणू पाण्यात शिरताना पाण्याच्या रेणूंशी जुळतो आणि थोडी उष्णता बाहेर पडते. बाहेर पडण्यासाठी त्याला तेवढी ऊर्जा परत मिळवावी लागते, आणि पाणी जितके गरम, तितके अधिक रेणू ती मिळवतात.

हा साधा नियम प्रत्येक वायूला मात्र लागू पडत नाही. अमोनिया किंवा हायड्रोजन क्लोराइड पाण्याशी मोठ्या प्रमाणावर अभिक्रिया करतात, त्यामुळे तेथे दाब दुप्पट केला तरी विरघळलेले प्रमाण दुप्पट होत नाही. कार्बन डायऑक्साइडही पाण्याशी जोडून कार्बोनिक आम्ल बनवतो, पण तो भाग एका टक्क्याहूनही कमी असल्याने सोड्याचे गणित बिघडत नाही.