दोन पिनी चार्जर आणि लॅपटॉपच्या झिणझिण्या

चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपच्या धातूच्या बॉडीवरून हात फिरवताना बोटांना जाणवणारी बारीक थरथर, किंवा तिच्या कडेला मनगट टेकल्यावर बसणारा सुईसारखा चिमटा. बोलीत याला ‘लॅपटॉपला करंट येतो’ असे म्हणतात. चार्जर दोन पिनी असेल तेव्हाच हा अनुभव प्रामुख्याने येतो आणि प्लग काढताच थांबतो. चार्जर चांगला असेल तर हा बिघाड नसतो. चार्जर बनवणाऱ्याने जाणूनबुजून ठेवलेल्या एका वाटेने हा प्रवाह येतो.

ती वाट म्हणजे चार्जरमधला एक छोटा कपॅसिटर. चार्जरमध्ये २३० व्होल्टचा पुरवठा आधी डायोडच्या ब्रिजमधून जाऊन एकदिश होतो. मग एक ट्रान्झिस्टर तो सेकंदाला बहुधा ६५ हजार ते एक लाख वेळा चालू-बंद करतो आणि हे तुकडे लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून लॅपटॉपच्या बाजूला पोचतात. दोन्ही बाजूंचा तारेने संबंध नसतो. पण ट्रान्सफॉर्मरची वेटोळी एकमेकांना इतकी चिकटून असतात, की त्या वेगवान उड्यांचा थोडा अंश तरीही पलीकडे झिरपतो. त्याला परतायला जवळची वाट मिळाली नाही, तर तो चार्जरच्या लांब वायरीतून हवेत पसरतो आणि रेडिओसारख्या उपकरणांत खरखर होते. म्हणून मेनच्या आणि लॅपटॉपच्या बाजूंना जोडणारा एक कपॅसिटर बसवतात. त्यालाच वाय कपॅसिटर म्हणतात.

चार्जर उघडलेला पाहिला तर ट्रान्सफॉर्मरजवळ बहुधा निळ्या रंगाची बटणाएवढी चकती दिसते. तिच्यावर Y1 असा वर्ग आणि 222 किंवा 102 असा आकडा छापलेला असतो. 222 म्हणजे २२०० पिकोफॅरॅड, 102 म्हणजे १०००. Y1 हा वर्ग महत्त्वाचा आहे, कारण या चकतीच्या एका पायावर मेनचा दाब असतो आणि दुसऱ्यावर माणसाचा हात. त्यामुळे ती आतून शॉर्ट होणार नाही अशा कठोर चाचण्यांतून गेलेली असावी लागते.

वेगवान खरखरीसाठी ठेवलेली ही वाट ५० हर्ट्झच्या मेनला पूर्ण बंद नसते. २२०० पिकोफॅरॅडचा कपॅसिटर ५० हर्ट्झला सुमारे साडेचौदा लाख ओहमचा अडथळा करतो. त्याचे मेनकडचे टोक ब्रिजच्या मागे असते, म्हणून जमिनीच्या तुलनेत त्यावर पूर्ण २३० नव्हे, तर निम्मा म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास बदलता दाब राहतो. भागाकार केला तर सुमारे ०.०८ मिलिअँपिअर येतात. बॉडी चार्जरच्या ऋण तारेला जोडलेली असते आणि दोन पिनांत अर्थिंग नसते, तेव्हा हा प्रवाह माणसाच्या अंगातूनच जमिनीकडे जातो. प्लग उलटा लावला तर झिणझिण्या जातील, असे अनेक जण सांगतात. पण ब्रिजला फेज कुठल्या पायावर आहे याने फरक पडत नाही, त्यामुळे बहुतेक चार्जरांत प्लग उलटवून काहीच बदलत नाही.

०.०८ मिलिअँपिअर ही स्थिर टेकवलेल्या हाताला सहसा कळणारी मात्रा नव्हे. मग थरथर कशी जाणवते? याचे उत्तर बोटाच्या हालचालीत आहे. कोरड्या त्वचेचा वरचा थर आणि ॲल्युमिनियमवरचा रंगाचा कठीण थर हे दोन्ही विद्युतरोधक असतात. त्यांच्या दोन्ही अंगांना बदलता दाब आला की बोट धातूकडे क्षणभर ओढले जाते, सुटते, पुन्हा ओढले जाते. बोट सरकत असेल तर घर्षण त्याच तालावर कमी-जास्त होते आणि गुळगुळीत धातू सुती कापडासारखा खरबरीत लागतो. बोट थांबवले की खरबरीतपणा नाहीसा होतो. एडवर्ड मॅलिनक्रॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली हा परिणाम नोंदवला. कडेचा चिमटा मात्र निराळा आहे. तिथे मनगटाची नाजूक त्वचा रंग उडालेल्या कोपऱ्यावर, स्क्रूवर किंवा पोर्टच्या कडेवर अगदी थोड्या जागेत टेकते आणि सगळा प्रवाह त्या एका ठिपक्यातून जातो.

पायाखाली काय आहे यानेही फरक पडतो. रबरी चपला घातलेल्या माणसाच्या अंगातून जमिनीकडे जाणारा प्रवाह फारच थोडा असतो. पावसाळ्यात ओलसर शहाबादी फरशीवर अनवाणी बसून तोच लॅपटॉप मांडीवर घेतला, की हा प्रवाह वाढतो. ‘उन्हाळ्यात काही नव्हते, आता शॉक मारतो’ ही तक्रार अशा वेळी चार्जरपेक्षा फरशीबद्दलची असू शकते.

धोका ओळखायचा तो मोजून. मात्र नुसता मल्टिमीटर फसवतो. लॅपटॉपचा स्क्रू आणि सॉकेटचे अर्थिंग यांच्यात एसी व्होल्टेज पाहिले तर तो शंभरच्या वर आकडा दाखवतो आणि माणूस घाबरतो. मीटरचा स्वतःचा रोध एक कोटी ओहमच्या घरात असल्यामुळे दाब दिसतो, पण त्यामागे किती प्रवाह आहे ते कळत नाही. म्हणून त्याच दोन टोकांत १ लाख ओहमचा, १ वॅटचा रेझिस्टर जोडून पुन्हा वाचायचे. वरच्या उदाहरणातला निरोगी चार्जर तेव्हा साधारण ८ व्होल्ट दाखवेल, म्हणजे ०.०८ मिलिअँपिअर. दोन पिनी माहिती-तंत्रज्ञान उपकरणांसाठी IEC 60950-1 या आधीच्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकात दिलेली मर्यादा ०.२५ मिलिअँपिअरची, म्हणजे या मोजणीत २५ व्होल्टची होती. रेझिस्टर लावूनही आकडा शंभराच्या खाली उतरत नसेल, तर प्रवाह एक मिलिअँपिअरच्या वर आहे. मग आतले रोधन फाटलेले असेल किंवा स्वस्त नकली चार्जरात वाय कपॅसिटरच्या जागी साधा, मोठा कपॅसिटर घातलेला असेल. असा चार्जर त्याच क्षणी प्लगमधून काढावा. सॉकेटमध्ये प्रोब घालायची सवय नसलेल्यांनी हे काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे. त्याने अर्थिंग खरोखर जोडलेले आहे हे आधी तपासावे: फेज ते अर्थ २३० च्या आसपास, न्यूट्रल ते अर्थ फार तर काही व्होल्ट. जुन्या घरांत तिसरे भोक असते, पण मागे तारच नसते.

झिणझिण्या थांबवण्याचा रास्त उपाय म्हणजे चार्जरचीच तीन पिनी केबल. ती उपयोगी पडण्यासाठी चार्जरच्या आत अर्थिंगची पिन ऋण तारेला थेट किंवा छोट्या रोधातून जोडलेली असावी लागते. प्लग काढून मल्टिमीटरने अर्थ पिन आणि लॅपटॉपमध्ये जाणाऱ्या पिनेचे बाहेरचे आवरण यांच्यात जोड आहे का ते पाहता येते. काही चार्जरांत तिसरी पिन नुसती आधाराला असते. बॉडीला वायर बांधून ती नळाला किंवा खिडकीच्या गजाला जोडणे हा मात्र घातक प्रकार आहे. चार्जर कधी फुटलाच, तर घरातला नळ किंवा गज जिवंत होतो.

एकाच केबलने अनेक दोन पिनी उपकरणे जोडली, की त्यांचे गळते प्रवाह एकत्र येतात. लॅपटॉप, टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स एचडीएमआयने जोडलेले असतील, तर बॉडीवरची झिणझिण ठळक होते. उलट अर्थिंग असलेला मॉनिटर जोडला, की तोच प्रवाह केबलच्या आवरणातून जमिनीत जातो आणि बोटाखालचा धातू पुन्हा गुळगुळीत लागतो.