दोरा चिमटीत धरून बघा

सुट्टीत भाची आणि तिचा धाकटा भाऊ आमच्या शिवाजी पेठेतल्या घरी आले होते. एक दुसरीत, एक पहिलीत. दुधाच्या पावडरीचे दोन रिकामे डबे आणि वाकळ शिवायचा जाड दोरा घेऊन त्यांनी सोप्यातच टेलिफोन केला. दोघांत जेमतेम चार पावलांचं अंतर. भाची डब्यात तोंड घालून ओरडली, "जेवलास काय?" धाकटा नाचायला लागला, "मामा, चालतोय की फोन!"

चालत नव्हता. दोरा जमिनीला टेकेल इतका लोंबत होता आणि तिचा आवाज नेहमीसारखा हवेतूनच त्याच्याकडे पोचत होता. हा खेळ खेळणाऱ्या बहुतेक मुलांची इथंच गल्लत होते, मोठ्यांचीही.

आवाज दोऱ्यातूनच येतोय, हे ओळखायचं कसं? उपाय सोपा आहे. दोघांना निदान दहा मीटर लांब उभं करायचं. आमच्याकडे परसदारापासून रस्त्याकडच्या दारापर्यंत तेवढी जागा मिळाली. बोलणाऱ्यानं ओरडायचं नाही, डब्यात तोंड घालून पुटपुटायचं. ऐकणाऱ्यानं एका कानाला डबा लावायचा आणि दुसरा कान बोटानं बंद करायचा. मग तिसऱ्यानं मधेच दोरा चिमटीत घट्ट धरायचा. धरल्यावर आवाज गेला आणि सोडल्यावर परत आला, तर तो दोऱ्यातूनच येत होता. काहीच फरक पडला नाही, तर फोन नुसता शोभेचा.

पहिल्या खेपेला आमचा फोन शोभेचाच निघाला. "ऐकायलाच येईना की," धाकटा कुरकुरला. मग दोघांना दोरा ताणून धरायला लावला, अगदी वाळत घालायच्या दोरीसारखा. तेवढ्यानं पुसटसं काहीतरी ऐकू आलं.

ताणाचं एवढं काय? भाचीला डब्याच्या बुडाला बोटाची टोकं हलकेच टेकवायला सांगितली आणि डब्यात लांबलचक "आऽऽ" म्हणायला लावलं. "गुदगुल्या होतात," ती म्हणाली. त्या गुदगुल्या म्हणजेच आवाज. गळ्यातून निघालेली थरथर डब्यातल्या हवेला हलवते, हवा बुडाला हलवते आणि बूड आपल्याला बांधलेला दोरा ओढतं, सोडतं, पुन्हा ओढतं. दोरा ताणलेला असेल तर प्रत्येक ओढ पलीकडच्या डब्याच्या बुडापर्यंत पोचते. मग ते बूडही तसंच थरथरतं आणि कानाजवळची हवा हलवतं. दोरा ढिला असेल तर ती ओढ झोळातच विरून जाते. लोकरीचा धागा किंवा इलॅस्टिक ताणलं तरी उपयोग होत नाही, कारण ते स्वतःच लांबतं आणि ओढ पुढं सरकू देत नाही. चिमटीनं आवाज मरतो तोही असाच, थरथर बोटांच्या मऊ मासात जिरते.

आता हवेतून न पोचणारं पुटपुटणं दोऱ्यातून का पोचतं? हवेत आवाज चहूकडे पसरत जातो, त्यामुळं लांबच्या कानाच्या वाट्याला त्यातला थोडाच येतो. दोऱ्यात त्याला पसरायला जागाच नसते. फक्त पुढं जायचं.

डबा मात्र मला तितकासा पटला नाही. पत्र्याचं जाड बूड पुटपुटण्यानं फारसं हलत नाही. शिवाय खिळ्यानं भोक पाडलं की आतल्या बाजूला धारदार कडा उभी राहते, ती बोटही कापते आणि दोराही. ते काम मोठ्यांनीच करावं आणि कडा हातोडीनं ठोकून बसवावी. आम्ही शेवटी चहाचे कागदी कप घेतले. बुडाला सुईनं भोक पाडलं, दोरा आत ओवला आणि टोकाला काडेपेटीच्या काडीचा तुकडा बांधला. नुसती गाठ ताण दिला की भोकातून निसटते. कपातून शब्द कळायला लागले, जरा नाकातून बोलल्यासारखे. पण कपाला फार ताण सोसत नाही. भाचीनं जोर लावला तसं एक बूड टर्रकन फाटलं.

मग धाकट्याला जिन्यात बसायचं होतं. म्हणजे दोरा भिंतीच्या कोपऱ्यावरून वळवायचा. वळवला आणि आवाज गप्प. भाचीनं लगेच ओळखलं, "मामा, भिंतीनं चिमटीत धरलाय!" मी वीतभर दोऱ्याचा एक सैलसर फास केला, त्यातून टेलिफोनचा दोरा काढला आणि कोपऱ्यापासून चार बोटं लांब राहील असा तो फास खुंटीला अडकवला. दोरा वळला, पण भिंतीला कुठंच टेकला नाही. दोघांनी पुन्हा ताण दिला.

जिन्यातून धाकट्याचा आवाज आला, कपातून नव्हे, थेट: "हळू बोल की गं, कानात वाजतंय!"