तटस्थ घटनाक्रम (शिस्तभंग प्रकरणांतील)

शिस्तभंगाच्या प्रकरणाच्या फाइलवरून पुनर्विलोकन समितीसाठी तयार केलेली, घटना, तारखा आणि निर्णय यांची मतप्रदर्शन टाळणारी मांडणी म्हणजे तटस्थ घटनाक्रम. न्यायालयीन कामकाजात तारखांची यादी जोडण्याची जी प्रथा आहे, तिच्याशी त्याचे साम्य आहे.

नोंदी कोणत्या तारखेने लावाव्यात याबद्दल मतभेद आहेत. काही जण कागदावरची तारीख प्रमाण मानतात, कारण ती तपासून पाहता येते. पण तसे केल्यास महिन्याभराने लिहिलेल्या जबाबातली घटना जबाबाच्या तारखेला जाऊन बसते. म्हणून नोंद घटनेच्या तारखेला लावून कागदाची आणि पोचीची तारीख स्वतंत्र रकान्यांत देणे अधिक ग्राह्य वाटते. उदाहरणार्थ, कारणे दाखवा नोटिशीवर १२ मार्च ही तारीख आहे, जावक नोंदवहीत १५ मार्च आणि पोचपावतीवर १९ मार्च. नोटीस मिळाल्यापासून सात दिवसांत उत्तर मागितले आहे. उत्तरावर २४ मार्च लिहिले असून आवक शिक्का २७ मार्चचा आहे. मुदत २६ मार्चला संपते, त्यामुळे उत्तर मुदतीत होते की नाही हे ते लिहिल्याची तारीख धरायची की पोचल्याची यावर ठरते, आणि तो निर्णय समितीचा आहे. ‘उत्तर उशिरा दिले’ असे लिहिणारा तो निर्णय स्वतःच देऊन मोकळा होतो. पाचही तारखा, प्रत्येकीपुढे फाइलचा पृष्ठक्रमांक, एवढेच त्याचे काम.

क्रियापदांतही असाच निवाडा लपलेला असतो. ‘कबूल केले’, ‘टाळाटाळ केली’, ‘दावा केला’ यांऐवजी ‘लिहिले’, ‘सांगितल्याची नोंद आहे’ असे शब्द वापरावेत. चौकशीत आरोप पुढे सिद्ध झाला असला, तरी आरोपपत्राच्या नोंदीत तो ‘आरोप’च राहतो, ‘सिद्ध’ हा शब्द निष्कर्षाच्या तारखेलाच आणि निष्कर्ष काढणाऱ्याच्या पदनामासह यावा. नंतर कळलेली गोष्ट आधीच्या तारखेला सरकवणे ही या लेखनातली सर्वांत सहज होणारी आणि सर्वांत कमी लक्षात येणारी चूक होय. प्रत्येक नोंद वाचताना ‘हे त्या दिवशी कुणाला ठाऊक होते?’ असे विचारले की ती सापडते.

कागद नसल्यास काय लिहावे, येथेही काळजी हवी. ‘पोचपावती फाइलमध्ये आढळली नाही’ हे विधान करता येते. ‘नोटीस मिळाली नाही’ हे करता येत नाही. पृष्ठांकनात ४१ नंतर थेट ४४ येत असेल, तर तेही नोंदवावे.

निकालाच्या रकान्यात मूळ शिक्षा, अपिलात झालेला बदल आणि प्रत्यक्ष अंमल या तीन वेगळ्या नोंदी असतात. अपिलात शिक्षा बदलली असली तरी मूळ आदेशाची ओळ खोडू नये. त्या मधल्या काळात संबंधित कर्मचारी नेमक्या कोणत्या आदेशाखाली होता, हे त्या ओळीशिवाय समितीला कळत नाही.