क्वालिटी खात्यात काम केलेलं नाही, मग यलो बेल्ट घ्यावा की ग्रीन?

लीन सिक्स सिग्मा म्हणजे कामातला अपव्यय आणि चुका आकड्यांनिशी कमी करायची पद्धत. तिच्या प्रमाणपत्रांना बेल्ट म्हणतात: आधी यलो, मग ग्रीन, मग ब्लॅक. वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या सुपरवायझर मंडळींकडून त्याबद्दल हा प्रश्न वरचेवर येतो. "मी प्रॉडक्शनचा माणूस, क्यूएमध्ये एक दिवस बसलेलो नाही. मला ग्रीन बेल्टचा फॉर्म भरता येईल का?" बहुतेकांना भरता येतो. अडचण अनुभवाची कमी आणि तो कागदावर कसा मांडायचा याची जास्त असते, म्हणून आज त्याबद्दलच लिहितो.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. लीन सिक्स सिग्माचे बेल्ट देणारं कुठलंही एक सरकारी खातं नाही. एएसक्यू आणि आयएएसएससी या संस्था परीक्षा घेतात, इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचा एसक्यूसी विभाग प्रशिक्षण देतो, मोठ्या कंपन्या स्वतःचे बेल्ट देतात आणि खासगी क्लासवाले तर गल्लोगल्ली आहेत. एमएसएमई मंत्रालयाच्या लीन योजनेतही बेसिक, इंटरमीजिएट आणि अॅडव्हान्स्ड असे टप्पे आहेत. पण ते कारखान्याला मिळतात, तुम्हाला नाही. मालकाने तो टप्पा पार केला म्हणून तुमच्या बायोडेटात बेल्ट लिहिता येत नाही.

आता पात्रता. आयएएसएससी परीक्षेला बसण्यासाठी अनुभवाची अट घालत नाही. एएसक्यूच्या यलो बेल्टलाही अनुभव लागत नाही. एएसक्यूच्या ग्रीन बेल्टला मात्र तीन वर्षांचा पूर्णवेळ, पगारी अनुभव लागतो आणि डिग्री-डिप्लोमा असला तरी त्यात सूट नाही. अट नीट वाचा: अनुभव ग्रीन बेल्टच्या अभ्यासक्रमातल्या एका किंवा अधिक विषयांचा हवा. क्वालिटी खात्यातला हवा, असं कुठेही म्हटलेलं नाही. त्या अभ्यासक्रमात अपव्यय ओळखणं, फाइव्ह एस, सायकल टाइम कमी करणं, प्रक्रियेचं मोजमाप, मूळ कारण शोधणं आणि सुधारणा टिकवणं हे सगळं येतं. लाइन सांभाळणारा सुपरवायझर यातलं निम्मं रोज करतो, फक्त या नावांनी हाक मारत नाही. अॅप्रेंटिसशिप किंवा इंटर्नशिपचा काळ मात्र या तीन वर्षांत धरू नका.

ब्लॅक बेल्टची गोष्ट वेगळी. एएसक्यूला तिथे पूर्ण झालेले दोन प्रकल्प प्रतिज्ञापत्रांसह लागतात, किंवा एक प्रकल्प आणि तीन वर्षांचा अनुभव. ज्याने अजून एकही प्रकल्प आकड्यांनिशी पूर्ण केला नाही, त्याने सध्या तिकडे पाहू नये. थेट ब्लॅक बेल्टचे पैसे भरून घेणारे क्लास आहेत. त्यांच्याकडून मिळतं ते बहुधा हजेरीचं प्रमाणपत्र.

मग यलो की ग्रीन? माझी कसोटी सोपी आहे. तुमच्या हाताखालच्या एका प्रक्रियेचे सहा आठवड्यांचे आकडे तुमच्याकडे आहेत का आणि ती प्रक्रिया बदलायचा अधिकार तुम्हाला आहे का? दोन्हीचं उत्तर हो असेल आणि अनुभव तीन वर्षांचा असेल, तर सरळ ग्रीन. नसेल तर यलो घ्या आणि उद्यापासून आकडे लिहायला लागा.

माझ्या ओळखीतल्या एका सीएनसी टर्निंग सेलच्या सुपरवायझरचंच पाहा. सात वर्षांची नोकरी, क्यूएचा अनुभव शून्य. त्याच्या शिफ्टच्या लॉगबुकात सहा आठवड्यांत ४२ सेटिंग नोंदलेल्या होत्या, सरासरी ४९ मिनिटं. त्याला ही वेळ कमी करायची होती. पण ऑपरेटर 'सेटिंग पूर्ण' कधी लिहायचा? स्पिंडल फिरला की. त्यानंतर पहिला पीस तपासणीला जायचा आणि इन्स्पेक्टरची वाट पाहत मशीन उभं राहायचं. तो वेळ कोणत्याच रकान्यात नव्हता. सेटिंगचा वेळ जुन्या जॉबच्या शेवटच्या चांगल्या पीसपासून नव्या जॉबच्या पहिल्या चांगल्या पीसपर्यंत मोजायचा असतो. त्याने दोन आठवडे स्वतः घड्याळ घेऊन १४ सेटिंग मोजल्या, तेव्हा सरासरी ६८ मिनिटं निघाली: १४ मिनिटं जॉ आणि टूल शोधण्यात, ३५ प्रत्यक्ष सेटिंगला आणि १९ वाट पाहण्यात.

त्याने आदल्या शिफ्टमध्येच जॉ-टूलची ट्रॉली भरून ठेवायची सवय लावली आणि सेटिंग संपायच्या दहा मिनिटं आधी इन्स्पेक्टरला फोन करायला सांगितलं. लॉगबुकात दोन रकाने वाढवले. पुढच्या सहा आठवड्यांत सरासरी ४१ वर आली: शोधाशोध ५, सेटिंग ३०, वाट ६. जुन्या ४९शी तुलना केली असती तर सुधारणा आठच मिनिटांची दिसली असती. खरी सुधारणा २७ मिनिटांची होती, म्हणजे आठवड्याला सात सेटिंग धरल्या तर तीन तासांहून थोडं जास्त मशीन मोकळं झालं. त्याचे रुपये मांडताना त्याने घाई केली नाही, हे मला आवडलं. त्या मशीनमुळेच पुढचं काम अडत असेल आणि मोकळ्या तासांना ऑर्डर असेल, तरच तो वेळ पैसा होतो.

फॉर्ममध्ये हेच काम लिहायचं. 'शिफ्ट सुपरवायझर, उत्पादन व मनुष्यबळ सांभाळणे' असं लिहिलं तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. 'सेटिंग वेळेचं मोजमाप, कारणांचं विश्लेषण, ट्रॉली पद्धत लागू करणे, लॉगबुकातून नियंत्रण' असं लिहा, पुढे महिना आणि वर्ष. एचआरच्या अनुभवपत्रातही हुद्द्यासोबत या कामाच्या दोन ओळी घालून घ्या. नोकरी सोडल्यावर त्या ओळी मिळणं फार कठीण जातं. लॉगबुकाच्या पानांचे फोटो काढायचे तर मॅनेजरची परवानगी घ्या आणि ग्राहकाचं नाव, ड्रॉइंग नंबर झाका.

आणखी एक, आपल्याकडचा खास घोळ: नाव. गुजरातच्या शाळेच्या दाखल्यावर बऱ्याचदा आडनाव आधी असतं, आधारवर शेवटी आणि इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. परीक्षा केंद्रावर नोंदणीतलं नाव आणि सरकारी ओळखपत्रावरचं नाव जुळावं लागतं. म्हणून जे ओळखपत्र नेणार, त्यावर आहे तसंच, अक्षर न् अक्षर, नाव खातं उघडतानाच भरा.

परीक्षेचं म्हणाल तर एएसक्यू ग्रीन बेल्टला संगणकावर ११० प्रश्न असतात, त्यातले १०० गुणांसाठी धरतात आणि वेळ सव्वाचार तासांच्या आसपास मिळतो. ७५०पैकी ५५० गुणांना पास. पुस्तक जवळ ठेवता येतं, पण शोधत बसलात तर वेळ पुरत नाही. प्रॉडक्शनच्या माणसाला लीनचा भाग सोपा जातो. अडतो तो आकडेशास्त्रात: गृहीतकांची चाचणी, मोजमाप किती भरवशाचं हे तपासणारं गेज आर अँड आर, प्रक्रिया मापाच्या मर्यादेत किती बसते हे सांगणारे सीपी आणि सीपीके. त्यावर निम्मा अभ्यास खर्च करा. कारखान्यातल्याच एका शाफ्टचे ३० व्यास मायक्रोमीटरने मोजून सीपीके हाताने काढा. स्वतःच्या मापांवर केलेलं गणित परीक्षेत आठवतं.

शिफ्टची नोकरी असेल तर अभ्यासाला चार महिने तरी धरा. रात्रपाळीच्या आठवड्यात नवा धडा सुरू करू नका, त्या दिवसांत फक्त जुनी गणितं सोडवा.