‘इन्शाअल्लाह’ म्हणजे हो की नाही?

दुबईतल्या गॅरेजवाल्याला तुम्ही विचारता, “गाडी उद्या मिळेल ना?” तो म्हणतो, “इन्शाअल्लाह.” आता उद्या जायचं की नाही? कोकणातून आखातात नोकरीला गेलेल्यांना हा पेच चांगला ठाऊक असतो.

शब्दार्थ सोपा आहे. ‘इन्’ म्हणजे जर, ‘शाअ’ म्हणजे इच्छिलं. गोष्ट उद्याची, पण क्रियापद भूतकाळी. इंग्रजीत असं वाक्य वर्तमानकाळात जातं. आपण मात्र ‘उद्या पाऊस आला तर’ असंच म्हणतो, म्हणून ‘देवाच्या मनात आलं तर’ हे भाषांतर मराठीत अगदी चपखल बसतं. ‘माशाअल्लाह’मध्ये क्रियापद तेच, फक्त ‘इन्’च्या जागी ‘मा’, म्हणजे ‘जे’: देवाने इच्छिलं ते झालं. म्हणून पहिला शब्द व्हायच्या गोष्टीसाठी, दुसरा झालेल्या गोष्टीसाठी. कुराणाच्या अठराव्या सूरेत, म्हणजे अध्यायात, दोन्ही भेटतात. उद्या अमुक करीन असं म्हणताना देवाच्या इच्छेची अट घालायला तिथे सांगितलं आहे.

गंमत अशी की ही अटच पुढे पळवाटही झाली. गॅरेजवाला “दहानंतर या, पार्ट आलाय, इन्शाअल्लाह” म्हणाला, तर तो पक्का होकार समजावा. शब्द फक्त श्रद्धेने जोडलेला. नुसतंच लांबवलेलं “इन्शाअल्लाऽह” आलं आणि वेळ विचारल्यावरही तेच आलं, तर ते आपलं ‘बघू’. समोरच्याला तोंडावर नाही म्हणायचं नाही, आणि खोटं वचनही द्यायचं नाही. खूण शब्दात नसते, त्याच्या आजूबाजूच्या तपशिलात असते.

2020 च्या अध्यक्षीय वादचर्चेत ट्रम्प आपल्या करविवरणांबद्दल ‘बघायला मिळतील’ म्हणाले, तेव्हा बायडेन यांनी “कधी? इन्शाअल्लाह?” असा टोला हाणला. तिथे ‘देवाची इच्छा असेल तर’ लिहिणारा भाषांतरकार फसलाच. मराठीत ‘हो हो, मिळतील बरं!’ असंच काहीतरी हवं.

‘माशाअल्लाह’ची अडचण वेगळी. बाळाला नुसतं ‘किती गोड!’ म्हटलं, तर अनेक अरब घरांत आई थोडी अस्वस्थ होते, कारण कौतुकातून नजर लागते अशी समजूत आहे. इंग्रजी ‘गॉड ब्लेस हिम’मध्ये आशीर्वाद येतो, नजरेची धास्ती येत नाही. मराठीत ‘दृष्ट नको गं लागायला’ म्हटलं की काम झालं. मात्र निकाल ऐकून आलेलं ‘माशाअल्लाह’ म्हणजे ‘वा, अभिनंदन!’, तिथे दृष्ट काढत बसू नये.

स्पॅनिशमधलं ‘ओहाला’ आणि पोर्तुगीजमधलं ‘ओशाला’ हेही अंदलुसच्या, म्हणजे मध्ययुगातल्या मुस्लिम सत्तेखालच्या स्पेन-पोर्तुगालच्या, अरबीतल्या अशाच शब्दप्रयोगातून आले. त्यांचा अर्थ ‘असं होवो!’ एवढाच उरला, आणि नास्तिकही ते बिनधास्त वापरतो.