करार नूतनीकरणाच्या वेळी भाडेवाढ: पात्रता, कागदपत्रं आणि आकड्यांची मांडणी

भाडं वाढवायचा विचार मनात आला की पहिल्यांदा जुना करार काढा. त्यात नूतनीकरणाचं कलम आहे का, वाढीची टक्केवारी आधीच ठरली आहे का, आणि सूचना किती दिवस आधी द्यायची, हे तीन मुद्दे बघा. टक्केवारी ठरलेली असेल तर आसपासचं भाडं कितीही चढलेलं असो, तिच्यापलीकडे मागता येत नाही. मुदत चालू असतानाही, करारात तशी तरतूद नसेल तर वाढ मागू नका. काही ठिकाणी कायद्यानेच वाढीला मर्यादा घातलेली असते, किंवा ठरलेल्या नमुन्यात अर्ज करून मंजुरी घ्यावी लागते. तिथे तो नियम करारापेक्षा वरचढ ठरतो.

हे सगळं तुमच्या बाजूने असेल तर दोन पुरावे गोळा करायचे: आसपासची भाडी आणि वाढलेला देखभाल खर्च. बहुतेक घरमालक चुकतात ते इथेच. बाजार इतका वाढला, शिवाय खर्च इतका वाढला, असं म्हणून ते दोन्ही आकड्यांची बेरीज करतात. पण आसपासच्या घरमालकांचाही खर्च वाढलेलाच असतो आणि तो त्यांच्या भाड्यात आलेला असतो. बेरीज केली की एकच खर्च भाडेकरूकडून दोनदा मागितल्यासारखं होतं. आसपासच्या भाड्यांवरून वरची मर्यादा कळते आणि खर्चावरून त्या मर्यादेच्या आत वाढ का हवी ते सांगता येतं.

एक उदाहरण घेऊ. सध्याचं मासिक भाडं १०० धरा. भाडं ठरलं होतं दोन वर्षांपूर्वी. मालकाला वाढवून ११५ हवं आहे: १० बाजाराचे, ५ खर्चाचे.

तुलनेसाठी त्याने तीन घरं निवडली. तिघांचंही क्षेत्रफळ साधारण तेवढंच आणि व्यवहार गेल्या सहा महिन्यांतले. पहिल्याचं भाडं ११८, पण त्यात पार्किंग आहे. आपल्या घराला ते नाही आणि जवळपास नुसत्या पार्किंगचे ७ पडतात, म्हणून धरायचे १११. दुसऱ्याची जाहिरात ११२ ची होती, प्रत्यक्ष करार १०८ ला झाला, तर धरायचे १०८. जाहिरातीतला आकडा म्हणजे नुसती अपेक्षा. ठरलेलं भाडं कळत नसेल तर ते घर यादीतून काढलेलंच बरं. तिसऱ्याचं भाडं १०३, पण तिथला भाडेकरू देखभाल शुल्काचे ६ वेगळे भरतो. आपल्याकडे ते भाड्यातच धरलेले आहेत, म्हणून १०९. म्हणजे पट्टा निघाला १०८ ते १११. ११५ त्यात बसत नाही.

आता खर्च. देखभाल शुल्क, मालमत्ता कर, विमा आणि नेहमीची दुरुस्ती मिळून दोन वर्षांपूर्वी महिन्याला २४ जात होते, आता २९ जातात. ही वाढ जवळजवळ २१ टक्के आहे, पण ‘खर्च २१ टक्के वाढला म्हणून भाडं २१ टक्के’ हा हिशेब चूक आहे. भाड्याच्या मानाने वाढ फक्त ५ ची आहे. घराच्या कर्जाचा हप्ता यात घालू नका, भाडेकरू स्वतः भरतो ती बिलंही नकोत. रंगकामासारखा मोठा खर्च एका वर्षावर टाकू नये. रंग पाच वर्षं टिकणार असेल तर रक्कम ६० महिन्यांवर वाटा.

मालकाने शेवटी १०८ मागावेत, असं माझं मत आहे. १११ का नाही? समजा त्या ३ साठी भाडेकरू सोडून गेला आणि घर एकच महिना रिकामं राहिलं, तर १०८ बुडाले. महिन्याला ३ जास्त मिळवून ते भरून निघायला ३६ महिने लागतील.

जोडायची कागदपत्रं फार नाहीत: जुन्या कराराची प्रत, तीन घरांचा तक्ता (फरक कसा वजा-मिळवला ते लिहून, तिथल्या माणसांची नावं न देता), आणि दोन्ही वर्षांच्या त्याच बारा महिन्यांच्या पावत्या. एका वर्षाचा पावसाळा आणि दुसऱ्या वर्षाचा उन्हाळा अशी तुलना केली तर भाडेकरूच्या ते लगेच लक्षात येतं.

पत्र छोटं ठेवा: ‘सध्याचं भाडं १०० आहे. अमुक तारखेपासून १०८ प्रस्तावित आहे. यातले ५ वाढलेल्या खर्चाचे असून पावत्या सोबत आहेत. उरलेले ३ आसपासच्या भाड्यांशी जुळवण्यासाठी आहेत, तक्ता सोबत आहे. आपलं म्हणणं अमुक तारखेपर्यंत कळवावं.’ सूचनेची मुदत पत्र पोचल्याच्या तारखेपासून धरा आणि पोच जपून ठेवा.

भाडेकरू उत्तरात स्वतःची तुलना आणेल, गळक्या नळाचा किंवा भिंतीच्या ओलीचा मुद्दा काढेल. तो खरा असेल तर दुरुस्ती आधी करा किंवा तेवढी रक्कम कमी करा, कारण तुलनेतली घरं चांगल्या स्थितीतली होती. आकडा ठरला की तो नव्या करारात लिहून, तिथल्या नियमाप्रमाणे नोंदणी लागत असेल तर ती करून घ्या. अनामत रक्कम भाड्याच्या पटीत असेल तर तिच्यातला फरक कधी भरायचा, तेही त्याच करारात लिहा.