पार्श्वभूमी : जनसुनावणीतला दहा पानांचा सारांश आणि त्यामागचा अहवाल

नाशिक जिल्ह्यात एखाद्या कारखान्याची किंवा खाणीची पर्यावरणविषयक जनसुनावणी जाहीर झाली, की गावात पोहोचते ती एकच गोष्ट : मराठीतला सारांश. प्रकल्पाच्या पर्यावरणावरील परिणामांचा मूळ अहवाल, म्हणजे आघात मूल्यांकन अहवाल, काहीशे पानांचा आणि इंग्रजीत असतो. तो जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत ठेवलेला असतो, पण निफाड किंवा दिंडोरीच्या वस्तीवरून तो चाळायला जाणारे मोजकेच. म्हणून सुनावणीआधी तपासायचा कागद हाच, आणि तपासायच्या गोष्टी दोन. मूळ अहवाल हाती नसलेल्या माणसाला तो एकटा पुरतो का? आणि अहवालाचा जो खरा निष्कर्ष आहे, तोच यात उतरला आहे का?

या सारांशाची सुरुवात एप्रिल 1997 ची. 1994 च्या पर्यावरण परवानगीच्या अधिसूचनेत त्या वेळी जनसुनावणीची भर पडली आणि प्रकल्पाची ठळक वैशिष्ट्ये सांगणारा सारांश इंग्रजीत व स्थानिक भाषेत द्यावा, असे ठरले. वैशिष्ट्ये प्रकल्पाची होती, अभ्यासाच्या निष्कर्षांची नव्हेत. त्यामुळे तो कागद माहितीपत्रकासारखा लिहिला जाऊ लागला. ती सवय अजून पुरती गेलेली नाही.

14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेने घडी बदलली. आता सारांश प्रकल्पाचा नव्हे, तर आघात मूल्यांकन अहवालाचा, आणि जास्तीत जास्त दहा ए-4 पानांचा. त्यात कोणते विषय यावेत याची यादी परिशिष्टात दिली. अडचणीचे मूळ या यादीतच आहे, आणि त्यावर व्हायला हवी तेवढी चर्चा कधी झालेली दिसत नाही.

त्याच अधिसूचनेने मूळ अहवालासाठी प्रकरणांचा साचा ठरवून दिला. त्यात पाचवे प्रकरण पर्यायांच्या विश्लेषणाचे आहे : हीच जागा का, हेच तंत्रज्ञान का, दुसरी जागा पाहिली होती का. पुढे पर्यावरणीय खर्च आणि लाभ यांच्या ताळेबंदाचेही प्रकरण आहे. सारांशाच्या यादीत मात्र सात विषय आहेत : प्रकल्पाचे वर्णन, परिसराचे वर्णन, अपेक्षित परिणाम व उपाय, देखरेख, अतिरिक्त अभ्यास, प्रकल्पाचे लाभ आणि पर्यावरण व्यवस्थापन आराखडा. लाभ आहेत, पर्याय नाहीत. खर्चाचा ताळेबंदही नाही. म्हणजे नियमाबरहुकूम लिहिलेला सारांशसुद्धा, गावकऱ्यांचा पहिला प्रश्न जो असतो, ‘इथेच का?’, त्यावर मौन बाळगू शकतो, आणि तरीही तो अपूर्ण ठरत नाही.

हे अपरिहार्य नव्हते. अशाच अहवालांसाठीच्या अमेरिकेच्या 1978 च्या नियमांनी सारांश साधारण पंधरा पानांत बसवायला सांगितला होता. तो अहवालाशी अचूक जुळावा, आणि त्यात मुख्य निष्कर्ष, वादाचे मुद्दे व पर्यायांच्या निवडीसह न सुटलेले प्रश्न यावेत, असे तिथे स्पष्ट लिहिले होते. ते नियम 2025 मध्ये मागे घेतले गेले, पण आपली यादी तयार होत होती तेव्हा ते लागू होते. आपल्याकडे पानांची मर्यादा आली. मतभेद आणि न सुटलेले प्रश्न यांना यादीत जागा मिळाली नाही.

जुळणी कशी तपासायची, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू. समजा, निफाड तालुक्यात मळीपासून रोज 60 हजार लिटर अल्कोहोल काढणारी आसवनी प्रस्तावित आहे. एक लिटर अल्कोहोलमागे साधारण दहा लिटर स्पेंटवॉश, म्हणजे आसवनीतून उरणारे सांडपाणी, धरला, तर रोज सहा लाख लिटर होतो. सारांशात दोन वाक्ये आहेत : ‘प्रकल्प शून्य विसर्ग तत्त्वावर चालेल’, म्हणजे सांडपाणी बाहेर सोडणार नाही, आणि ‘परिसरातील भूजल पिण्यायोग्य मर्यादेत आहे’.

पहिले वाक्य घेऊन अहवालातले परिणामांचे आणि व्यवस्थापनाचे प्रकरण उघडायचे. तिथे लिहिले आहे की स्पेंटवॉशपासून कंपोस्ट खत करणार, पावसाळ्यात उघड्या यार्डात कंपोस्ट होत नसल्याने आसवनी वर्षाला 270 दिवसच चालवणार, आणि साठवणीच्या तलावाची क्षमता 30 दिवसांची असेल. म्हणजे शून्य विसर्गाला अटी आहेत : पावसाळ्यात आसवनी बंद राहिली तर, तलावाचे अस्तर फाटले नाही तर. सारांशात अट गळाली आणि नुसते आश्वासन उरले. आकडा चुकला असता तर कुणीही पकडला असता. अट गळते तेव्हा वाक्य खोटे नसते, म्हणून ते निसटते.

दुसरे वाक्य घेऊन परिसराच्या वर्णनाचा तक्ता काढायचा. आठ विहिरींचे नमुने आहेत. तीन ठिकाणी विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमच्या वर आहेत, पण 2000 च्या आत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात 500 ही स्वीकार्य मर्यादा आहे, तर 2000 पर्यंतची सवलत दुसरा स्रोत नसेल तेव्हाचीच. दोन विहिरींत नायट्रेट 45 च्या पुढे आहे, आणि नायट्रेटला अशी सवलतच नाही. शिवाय नमुने पावसाळा सोडून एकाच हंगामातले. तसे घेण्याची मुभा आहे, पण काळ्या पाषाणाच्या या पट्ट्यात विहिरीचे पाणी पावसानंतर आणि उन्हाळ्यात बरेच वेगळे असू शकते, आणि कंपोस्ट यार्डातून झिरपण्याचा धोका नेमका पावसाळ्यातला. ‘मर्यादेत’ या शब्दात हे सगळे झाकले गेले. कोणती मर्यादा, किती विहिरी, कोणता हंगाम, हे सारांशात नसेल तर तो एकटा उभा राहत नाही. वाचणाऱ्याला मूळ अहवालाकडे धावावेच लागते.

ही झाली सारांशाकडून अहवालाकडची तपासणी. बहुतेक जण इथेच थांबतात. उलटी तपासणी जास्त उपयोगी पडते : अहवालातल्या प्रत्येक प्रकरणाचा शेवटचा परिच्छेद घ्यायचा आणि त्यातली कोणती ओळ सारांशात आलीच नाही, ते पाहायचे. वर सांगितलेल्या यादीमुळे पर्यायांचे प्रकरण तर नियमानेच बाहेर राहिलेले असते. उदाहरणातल्या अहवालात दुसऱ्या जागेचा विचार ‘जमीन उपलब्ध नाही’ एवढ्या एका वाक्यात संपला असेल, तर तो सुनावणीत विचारण्याजोगा पहिला मुद्दा आहे.

इंग्रजी आणि मराठी सारांशही शेजारी ठेवून वाचावे लागतात. ‘परिणाम कमी होण्याची शक्यता’चे मराठीत ‘परिणाम होणार नाही’ होणे फार अवघड नसते.

2006 च्या रचनेत आणखी एक गुंता आहे. सुनावणी होते ती मसुदा अहवालावर. लोकांच्या हरकती ऐकल्यावर प्रकल्पधारकाने बदल करून अंतिम अहवाल द्यायचा, किंवा मसुद्याला पुरवणी जोडायची, आणि तो परवानगीआधी छाननी करणाऱ्या समितीपुढे जातो. गावात वाटलेला सारांश मात्र मसुद्याचाच असतो. सुनावणीत स्पेंटवॉश जाळून टाकण्याचा मार्ग मान्य झाला आणि कंपोस्ट यार्ड रद्द झाले, तर धुराचा, राखेचा, बॉयलरच्या इंधनाचा प्रश्न नव्याने उभा राहतो. तो लोकांनी वाचलेल्या दहा पानांत कुठेच नसतो, आणि त्यासाठी पुन्हा सुनावणी होईलच असे नाही. म्हणून सारांशाची जुळणी दोनदा पाहावी लागते : सुनावणीआधी मसुद्याशी, आणि नंतर पर्यावरण परवानग्यांच्या ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर अंतिम कागदपत्रे चढली की त्यांच्याशी.

2006 ची अधिसूचना बदलण्यासाठी आलेल्या 2020 च्या मसुदा अधिसूचनेत सुनावणीच्या सूचनेची मुदत 30 दिवसांवरून 20 वर आणण्याचा प्रस्ताव होता. त्यावर बरीच ओरड झाली, आणि मसुदा इतर भाषांत उपलब्ध करण्याचा प्रश्न थेट न्यायालयात गेला. दहा पानांत पर्यायांना जागा द्यायची का, हा प्रश्न त्या गदारोळात मागेच राहिला.